क-ख-ग-घ पाठ असणाऱ्यांसाठी थाई

थायलंडमधल्या रयाँगला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी घर बघायला गेले. ‘कारखान्याच्या जवळ हवं’ एवढं एकच वाक्य मी विमानात घोकून ठेवलं होतं. जवळ म्हणजे ‘क्लाय’. घरमालकीणबाईंनी ऐकलं आणि गोंधळून विचारलं, ‘क्लाय?’ मी म्हटलं, हो हो, क्लाय. त्यांनी दूर डोंगराकडे हात केला. मी आणखी ठासून ‘क्लाय’ म्हटलं. त्या बिचाऱ्यांना कळेना की रोज कामावर जायचं असताना या बाईला लांबचं घर कशाला हवंय.

थाईत ‘क्लाय’ म्हणजे जवळ आणि ‘क्लाय’ म्हणजेच लांब. अक्षरं उच्चारायला तीच, फरक फक्त सुराचा. जवळच्या क्लायचा सूर वरून खाली पडतो आणि लांबच्या क्लायचा सपाट राहतो. मी सूर लावलाच नव्हता, म्हणजे सपाट बोलले होते, आणि सपाट हा थाईतला रीतसर एक सूर आहे. आपल्याला वाटतं की सूर नसलेला शब्द अर्धवट कळेल, समोरचा समजून घेईल. तसं होत नाही, तिथे वेगळाच शब्द पोचतो.

पुण्याहून निघताना मी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली शब्दांची यादी पाठ केली होती, आणि घोळ तिथेच झाला. थायलंडच्या पाट्यांवर जी रोमन लिपी दिसते तिच्यात सूर दाखवत नाहीत आणि स्वर लांब की आखूड तेही दाखवत नाहीत. थाई लिपीत मात्र दोन्ही असतं. म्हणून ‘आधी बोलायला शिकू, लिपी मग बघू’ हा सल्ला मला पटत नाही. निदान मराठी माणसाने तरी तो ऐकू नये, कारण थाई लिपीची अर्धी किल्ली आपण पहिलीतच पाठ केलेली असते.

आधी सुरांबद्दल. ते पाच आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता. मराठीत सूर नाहीत असं म्हणतात ते शब्दांपुरतं खरं आहे, गळ्याला ते सगळे येतात. फोनवर बोलणाऱ्या माणसाचे नुसते ‘हो’ ऐका. पत्ता लिहून घेताना यांत्रिकपणे म्हटलेला ‘हो’ सपाट असतो. मनाविरुद्ध कबूल करताना ‘हो’ खालून निघतो आणि खालीच राहतो. ‘हो, सांगितलं ना एकदा!’ यातला वैतागलेला ‘हो’ वरून आपटतो, तो पडता. ‘हो? खरंच?’ यातला खालून वर ओढत नेलेला ‘हो’ चढता. वरचा सूर तेवढा सहज सापडत नाही. आवाज आधीच वर असतो आणि शेवटी अजून किंचित वर जातो, लहान मूल ‘आई’ म्हणून हाक मारतं तसा. वर आणि खाली हे ज्याच्या त्याच्या आवाजाच्या मानाने असतं, त्यामुळे गाता गळा लागत नाही. अडचण एवढीच, की मराठीत हा चढउतार भावनेसाठी असतो आणि थाईत तो शब्दाचा भाग असतो, र किंवा त इतकाच.

या सुरांची नावं थाईत आहेत सामन, एक, थो, त्री आणि चत्तवा. सामान्य, एक, द्वि, त्रि, चतुर्. यातल्या शेवटच्या चारांसाठी अक्षराच्या डोक्यावर द्यायच्या चार खुणा आहेत आणि खुणांचीही हीच नावं आहेत. क वर्गातलं पहिलं अक्षर घेऊन त्या लावल्या की ही ओळ मिळते: กา ก่า ก้า ก๊า ก๋า. पाचही वेळा ‘का’च, फक्त सपाट, खालचा, पडता, वरचा, चढता या क्रमाने. पहिल्या आठवड्यात एवढी एकच ओळ म्हणायची आहे.

सगळी अक्षरं अशी सरळ वागली असती तर हा लेख इथेच संपला असता. थाईत व्यंजनं ४४ आहेत (त्यातली दोन आता वापरात नाहीत) आणि त्यांचे तीन गट आहेत: मध्यम, उच्च आणि निम्न. एकच खूण वेगळ्या गटातल्या अक्षरावर वेगळा सूर देते. बहुतेक पुस्तकं इथे ४४ अक्षरांचा तक्ता देतात आणि कोणतं अक्षर कोणत्या गटात ते पाठ करायला सांगतात. युरोपियन सहकारी रंगीत कार्डं करून महिनाभर घोकतात. आपल्याला त्याची गरज नाही.

थाई लिपी ब्राह्मीच्या घराण्यातली आहे. दक्षिण भारतातली पल्लव लिपी, तिच्यापासून ख्मेर आणि ख्मेरपासून थाई. रामखामहेंग राजाचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख १२९२ सालचा मानतात. या प्रवासात वर्णांचा क्रम बदलला नाही. ก ข ค ฆ ง हा थाई मुळाक्षरांचा पहिला वर्ग म्हणजे आपले क ख ग घ ङ. (वापरात नसलेली ती दोन अक्षरं याच वर्गातली, ती वगळली आहेत.) त्यानंतर च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग, मग य र ल व आणि श ष स ह. आणि ह नंतर काय येतं? ळ! थाईत ते ฬ असं लिहितात. क्रीडा या अर्थाचा กีฬา हा शब्द लिहितात ‘कीळा’ आणि वाचतात ‘कीला’. मुळाक्षरांत ह नंतर ळ बघून मला परदेशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

आता ही मुळाक्षरं रकान्यांत मांडा. प्रत्येक वर्गातलं पहिलं अक्षर, म्हणजे क च ट त प चा रकाना, मध्यम गटात जातो. दुसरा रकाना, ख छ ठ थ फ, उच्च गटात. तिसरा, चौथा आणि पाचवा, म्हणजे ग घ ङ पासून ब भ म पर्यंत सगळे, निम्न गटात. य र ल व निम्न. श ष स ह उच्च. ळ पण निम्न. झालं. थाईंनी स्वतःच्या उच्चारांसाठी काही अक्षरं मधे वाढवली आहेत, ती आपल्या शेजाऱ्याचा गट घेतात. ‘द’ उच्चाराचं ด हे त च्या ต आधी बसतं आणि ‘ब’ उच्चाराचं บ हे प च्या ป आधी, म्हणून दोन्ही मध्यम. स्वरांना आधार देणारा อ मध्यम, आणि सगळ्यात शेवटी येणारा जादा ‘ह’, ฮ, निम्न. मध्यम ९, उच्च ११, निम्न २४, अशी ४४ ची बेरीज जुळते.

हे असं का झालं ते एकदा कळलं की विसरत नाही. पूर्वी थाईत ग, द, ब हे खरेच ग, द, ब असे घोष, म्हणजे गळा थरथरवून, उच्चारले जात. घोष व्यंजन उच्चारताना आवाज आपोआप थोडा खाली बसतो. पुढे मध्य थाईत हा घोष नाहीसा झाला आणि ग चा ख, ज चा छ, द चा थ, ब चा फ झाला, पण खाली बसलेला सूर मागे राहिला. पंजाबीत अशीच गोष्ट वेगळ्या वळणाने घडली आहे. पंजाबी माणूस ‘घोडा’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘कोडा’ ऐकू येतं, आणि त्या घ ची आठवण सुरात उरलेली असते. त्यामुळे आज थाईत ข आणि ค दोन्ही ‘ख’ वाचतात, पण पहिला मुळातला ख आहे आणि दुसरा मुळातला ग. दोघांचे सूर वेगळे आहेत ते यामुळे.

याचा एक फायदा असा की संस्कृत-पालीतून गेलेले शब्द ओळखता येतात. गुण झाला ‘खुन’, आणि त्याचा अर्थ ‘आपण’, ‘तुम्ही’. गुरूचा झाला ‘ख्रू’, म्हणजे शिक्षक. धन आणि आगार मिळून झालं ‘थनाखान’, म्हणजे बँक. शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की तो न वाचतात, म्हणून आगारचा खान आणि आहारचा ‘आहान’. रयाँगशेजारच्या प्रांताचं नाव ชลบุรี असं लिहितात. अक्षरं लावत गेलं तर ज-ल-बु-री, म्हणजे जलपुरी! वाचायचं मात्र ‘छोन-बुरी’. ज चा छ झाला, शेवटच्या ल चा न झाला आणि शब्दाच्या एका दमात उच्चारायच्या तुकड्यात, म्हणजे अवयवात, शेवटी व्यंजन असेल तर न लिहिलेला स्वर थाईत अ ऐवजी ओ वाचतात. तसाच रथ होतो ‘रोत’, म्हणजे वाहन. अर्थ सरकलेले असतात हे मात्र लक्षात ठेवा. कारखान्यात लाल पाटीवर อันตราย, ‘अन्तराय’ दिसलं तर ते नुसतं विघ्न समजू नका, त्याचा अर्थ धोका.

आता सूर काढायचा कसा ते पाट्यांवरच बघू. आधी बघायचं, अवयवाचं पहिलं व्यंजन कोणत्या गटातलं. मग, डोक्यावर खूण आहे का. खूण नसेल तर अवयव उघडा की बंद. शेवटी दीर्घ स्वर किंवा म, न, ङ, य, व असा लांबवता येणारा आवाज असेल तर तो उघडा. क, त, प वर अडला किंवा ऱ्हस्व स्वरावर तुटला तर बंद.

ทางออก, ‘थाङ-ऑक’, बाहेर जायची वाट. पहिलं अक्षर ท हा आपला द, तिसरा रकाना, म्हणून निम्न. खूण नाही, शेवट ङ चा, म्हणून उघडा. निम्न आणि उघडा म्हणजे सपाट. पुढे ออก मध्ये อ मध्यम, शेवट क वर अडतो म्हणून बंद. मध्यम आणि बंद म्हणजे खालचा. तेव्हा ‘थाङ’ सपाट आणि ‘ऑक’ खाली.

ห้ามเข้า, ‘हाम खाव’, आत येण्यास मनाई. ह उच्च, ख उच्च, दोन्हीवर ‘थो’ ही खूण. उच्च गटावर थो म्हणजे पडता. दोन्ही अवयव वरून आपटतात, आणि पाटी वाचतानाही ती दटावल्यासारखीच वाटते.

ระวัง, ‘र-वङ’, सावधान. र निम्न, स्वर ऱ्हस्व आणि तिथेच तुटलेला, म्हणून बंद. निम्न गटाच्या बंद अवयवात आणखी एक गोष्ट बघावी लागते: स्वर ऱ्हस्व असेल तर वरचा सूर, दीर्घ असेल तर पडता. इथे ऱ्हस्व, म्हणून ‘र’ वर आणि ‘वङ’ सपाट.

उरलेले नियम थोडेच. उच्च गटाचा उघडा अवयव, खूण नसली तर, चढता. उच्च गटाचा बंद अवयव खालचा. ‘एक’ ही खूण मध्यम आणि उच्च गटावर खालचा सूर देते, पण निम्न गटावर पडता. ‘थो’ मध्यम आणि उच्चवर पडता, निम्नवर वरचा. ‘त्री’ आणि ‘चत्तवा’ फक्त मध्यम गटावर येतात. खुणेचं नाव ‘एक’ आहे म्हणून सूरही ‘एक’ असेल असं धरून चालू नका. मी पहिला महिनाभर तीच चूक करत होते.

राहता राहिला मुका ह. म, न, य, र, ल, व यांना चढता सूर हवा असेल तर निम्न गट तो देऊ शकत नाही. मग त्यांच्या आधी एक ह लिहितात. तो उच्चारायचा नाही, त्याने फक्त आपला गट उसना द्यायचा. มา ‘मा’ सपाट, म्हणजे येणं. ม้า ‘मा’ वरचा, म्हणजे घोडा. หมา ‘मा’ चढता, म्हणजे कुत्रा. चौकात หยุด अशी थांबायची पाटी दिसते तिथेही तोच मुका ह आहे, वाचायचं ‘युत’, खालच्या सुरात.

क-ख, त-थ, प-फ यांतला श्वासाचा फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना शिकावा लागतो, आपल्याला तो येतोच. आपण अडखळतो ते वेगळ्याच ठिकाणी. पहिली जागा फ. शहरी मराठीत ‘फळ’चा फ दात ओठाला लावून म्हटला जातो, इंग्रजी ‘फॅन’सारखा. थाईत दोन्ही फ आहेत आणि दोन्ही वेगळे. พัน, ओठ मिटून म्हटलेला ‘फन’, म्हणजे हजार. ฟัน, दात लावून म्हटलेला, म्हणजे दात. दोघांचा सूर एकच, सपाट, त्यामुळे चुकलात तर सूर वाचवायला येत नाही. दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घ. आपल्याकडे वेलांटी पहिली की दुसरी हा शुद्धलेखनाचा विषय आहे, बोलताना कोणी मोजत नाही. थाईत मोजतात, आणि वर सांगितलं तसं सूरही त्यावर ठरतो: รัก ‘रक’ ऱ्हस्व, वरचा, म्हणजे प्रेम. ราก ‘राक’ दीर्घ, पडता, म्हणजे झाडाचं मूळ. तिसरी जागा शेवटचे क, त, प. आपण ते फोडतो, ‘रोत’ म्हणताना त ची हवा बाहेर सोडतो. थाईत जीभ किंवा ओठ जागेवर नेऊन तिथेच ठेवायचे, सोडायचे नाहीत. आणि चौथी, सगळ्यांत हट्टी: प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेण्याची सवय. थाईत प्रश्नासाठी शेवटी ‘माय’ सारखा शब्द येतो. आपण सवयीने शेवटचा शब्द वर ओढला तर प्रश्न होत नाही, शब्द बदलतो.

माझ्या नंतर चाकणहून एक सहकारी येणार होता. त्याच्या हातात दहा आठवडे होते आणि शिफ्ट सांभाळून रोजची चाळीस मिनिटं. त्याला जो क्रम लावून दिला तोच इथे देते.

सकाळी पंधरा मिनिटं फक्त कान आणि तोंड, वही नाही. थाई माणसाच्या आवाजातले शब्द ऐकायचे, मागून म्हणायचे, फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐकायचे. संध्याकाळी पंचवीस मिनिटं हाताने लिहायचं. बहुतेक अक्षरांना एक छोटं वेटोळं असतं, त्याला थाईत ‘हुआ’, डोकं म्हणतात, आणि लिहायला सुरुवात तिथूनच करतात. ค, ด, ต ही तीन अक्षरं एका पानावर शेजारी शेजारी लिहा, नाहीतर ती कायमची एकमेकांत मिसळतात.

पहिले दोन आठवडे फक्त मध्यम गट: ก จ ด ต บ ป อ आणि दीर्घ स्वर. के लिहिताना एकार व्यंजनाच्या आधी येतो, เก असा. इतरांना हे विचित्र वाटतं, आपण ‘कि’ची वेलांटी आधी काढतोच. पाच सूर इथेच पक्के करायचे, कारण या गटात खूण आणि सूर यांची गाठ सरळ आहे. ปา फेकणं, ป่า रान, ป้า मावशी. เก่า जुनं, เก้า नऊ. तिसऱ्या आठवड्यात उच्च गट, चौथ्या-पाचव्यात निम्न आणि मुका ह. सहावा आठवडा फक्त बंद अवयवांचा. सातव्यात शेवटची व्यंजनं आणि संस्कृत शब्द, हा आठवडा मजेत जातो. आठव्यात वेटोळी नसलेली अक्षरं. दुकानांच्या आणि जाहिरातींच्या पाट्यांवर आधुनिक वळणात वेटोळी गाळतात, मग พ इंग्रजी डब्ल्यूसारखा आणि ร एससारखा दिसायला लागतो. पुस्तकातली लिपी येत असूनही रस्त्यावर निरक्षर झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. शेवटचे दोन आठवडे स्वतःची वाक्यं, आकडे आणि कारखान्यातल्या पाट्यांचे फोटो.

एखाद दिवस बुडला तर सकाळची पंधरा मिनिटं सोडू नका, संध्याकाळची सोडा. अक्षर चार दिवसांनी परत आठवतं, कान मात्र लगेच मराठीकडे वळतो.

आठवड्यातून एकदा थाई शिक्षकाबरोबर अर्धा तास हवा, पण गप्पांसाठी नाही. आपण वीस सुटे शब्द म्हणायचे आणि शिक्षकाने जे ऐकू आलं ते थाईत लिहायचं, अंदाज न बांधता. वाक्यात बोललं की समोरचा संदर्भावरून ओळखतो आणि आपण बरोबर बोललो असं वाटत राहतं. सुट्या शब्दात ती सोय नसते. माझ्या सहकाऱ्याचे पाचव्या आठवड्यात वीसपैकी नऊ शब्द बरोबर लिहिले गेले. यादी नीट बघितली तर पडत्या सुराचे सगळे शब्द शिक्षिकेने खालच्या सुराचे लिहिले होते. तो नऊ म्हणायला जायचा आणि जुनं म्हणायचा. कारण साधं होतं. तो आवाज खाली आणत होता, पण सुरुवात रोजच्या पट्टीतून करत होता. पडायचं तर आधी वर चढलेलं असावं लागतं. मग त्याला आठवडाभर प्रत्येक पडत्या शब्दाआधी तो वैतागलेला ‘हो!’ म्हणायला लावला, आणि त्याच उंचीवरून शब्द. दहाव्या आठवड्यात सोळा झाले. उरलेल्या चारांत तीन निम्न गटाचे बंद अवयव होते. ते तिथे राहूनच सुटतात.

दहा आठवड्यांत पाट्या, जेवणाची यादी आणि बसवरची नावं मोठ्याने, बहुतेक बरोबर सुरात वाचता येतात. वर्तमानपत्र येत नाही, कारण थाईत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत आणि शब्द माहीत नसेल तर तो कुठे संपला ते कळत नाही. जलद बोलणंही येत नाही. पुस्तकातला ‘ख्रप’ बोलण्यात ‘खप’ होतो, र चा ल होतो, आणि चढत्या सुरातला प्रश्नार्थक ‘माय’ लोक वरच्या सुरात म्हणतात. नियम चुकला असं समजू नका, बोलीभाषा तशीच आहे.

जाणाऱ्या बायकांसाठी एक वेगळं. पुरुष वाक्याच्या शेवटी आदरार्थी ‘ख्रप’ लावतात, त्याला एकच सूर. आपल्या आखूड ‘ख’ला दोन आहेत. विधानाला ค่ะ, पडता. प्रश्नाला คะ, वरचा. वरच्या नियमांनी दोन्ही काढून बघा: ค हा मुळातला ग, म्हणून निम्न गटातला, एकावर ‘एक’ची खूण, दुसऱ्यावर खूण नाही आणि ऱ्हस्व बंद अवयव. थाई लोकसुद्धा मेसेजमध्ये हे दोन उलटसुलट लिहितात, आणि त्यावरून त्यांची आपसात चेष्टाही चालते. आमच्या लाइनवरच्या एका मुलीचा मेसेज आला, त्यात प्रश्नाला पडता ‘ख’ लिहिलेला होता. मी तो दुरुस्त करून परत पाठवला. तिचं उत्तर आलं, ५५५. पाच म्हणजे ‘हा’, तेव्हा हाहाहा.